त्रिमूर्तीनगरचा एसी : रात्रीचे आठ तास आणि दुपारचे चार

२०२४ च्या जूनमध्ये भाऊजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर लाइटबिलाचा फोटो पाठवला आणि त्याखाली एकच ओळ लिहिली, "तू तर म्हणाला होता तीन हजार वाढतील." बिल साडेआठ हजारांच्या घरात होतं आणि युनिट ५५७. मी मेमध्ये त्यांना वहीत मांडून दिलेला आकडा ३८६ युनिटांचा होता. मी इलेक्ट्रिकची कामं करतो, घरच्या माणसांत माझ्या आकड्याला थोडा मान आहे. १७१ युनिटांची चूक मला पचणारी नव्हती.

घर नागपूरच्या त्रिमूर्तीनगरचं, चौथा म्हणजे शेवटचा मजला. ताई, भाऊजी आणि भाऊजींच्या आई, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो. बेडरूम बारा बाय अकरा, डोक्यावर उघडी गच्ची, एक भिंत पश्चिमेला. आजवर दोन कूलरवर भागलं, एक हॉलमध्ये, एक बेडरूमच्या खिडकीत. पण गच्चीखालच्या खोलीत मे महिन्यात स्लॅबचा ताव रात्री दोनपर्यंत उतरत नाही, आणि आजींना झोप लागत नव्हती. म्हणून दीड टनाचा, तीन तारे असलेला इन्व्हर्टर एसी घ्यायचं ठरलं.

घेण्याआधी खर्चाचे तीन आकडे घरात फिरत होते.

पहिला दुकानदाराचा. एसीवरच्या स्टिकरवर वर्षाचा वापर ९६० युनिट लिहिलेला होता. हा आकडा वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढलेला असतो. दुकानदाराने भागाकार करून तासाला ०.६ युनिट सांगितलं, आठ तासांचे ४.८, महिन्याचे १४४. त्याला आठ रुपयांनी गुणलं. "बाराशेच्या आत बसतं साहेब." तो खोटं बोलत नव्हता. स्टिकरवरचं गणित खरंच तसं आहे, फक्त ते नागपूरच्या मे महिन्याचं नाही. ते वर्षभराच्या हवामानाची सरासरी धरतं, बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश एवढ्याच पट्ट्यातलं. आपल्याकडे नवतपा सुरू व्हायच्या आधीच दुपारी पारा त्या पट्ट्याच्या बाहेर गेलेला असतो. आणि आठ रुपये हा दर कुठून आला, ते त्यालाच ठाऊक.

दुसरा आकडा भाऊजींचा, शाळेत शिकवतात तसा. एसीच्या पाटीवर १४८० वॅट लिहिलं होतं. सूत्र सोपं आहे :

```
युनिट = वॅट × तास × दिवस ÷ १०००
```

१४८० गुणिले ८ गुणिले ३०, भागिले हजार : ३५५ युनिट. दरासाठी त्यांनी सरासरी काढली, आकडा आला पावणेअकरा रुपयांच्या वर. म्हणजे महिन्याला अडतीसशे. ताई म्हणाली, "एवढे असतील तर राहू द्या, कूलरच बरा."

तिसरा आकडा माझा. त्यात मी दोन गोष्टी बदलल्या, आणि या प्रकरणाचा सगळा जीव त्या दोन गोष्टींत आहे.

आधी दर घेऊ, कारण त्यात मोजायचं काही नाही, फक्त बिल नीट वाचायचं आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. १ एप्रिल २०२४ पासून पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि ५०० च्या वर १६.६४ असे दर होते. प्रत्येक युनिटावर १.१७ वहन आकार वेगळा, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. हे सगळं एकत्र केलं की त्या वर्षी एका युनिटाची खरी किंमत अशी पडत होती : पहिल्या टप्प्यात ६.८२, दुसऱ्यात १३.२९, तिसऱ्यात १८.२४ आणि चौथ्यात २०.६६. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो मी बाजूला ठेवला. स्थिर आकार एसी असो नसो लागतोच, म्हणून त्यालाही इथे जागा नाही. दर पुढे बदलतच असतात, त्यामुळे हे गणित करताना आपल्या हातातल्या बिलावरचेच आकडे घ्यावेत, माझे नकोत.

टप्प्यांबद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की लिहायलाच हवा. पाचशेच्या वर एक युनिट गेलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो, असं पुष्कळ लोक मानतात. तसं नाही. पहिली शंभर युनिटं पहिल्याच दराने जातात, मग तुमचा वापर हजार का असेना. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. पण त्यातूनच एसीचा प्रश्न उभा राहतो. घरातला फ्रिज, पंखे, दिवे, मिक्सर, पाण्याची मोटर हे एसी नसतानाही चालूच होते, खालचे स्वस्त टप्पे त्यांनी आधीच खाल्लेले असतात. एसी नंतर आला, म्हणून तो वरच्या पायऱ्यांवर बसतो. त्याला सरासरी दर लावणं म्हणजे पंगतीत शेवटी बसणाऱ्याने पहिल्या पंगतीच्या वाढण्याचा हिशोब धरण्यासारखं आहे.

ताईच्या घरी आदल्या वर्षी मेमध्ये २६० युनिट आले होते, दोन्ही कूलर धरून. बेडरूमचा कूलर पंपासकट साधारण २०० वॅट घेत होता आणि दिवसरात्र मिळून दहाएक तास चालायचा, म्हणजे महिन्याला ६० युनिट. एसी आल्यावर तो बंद होणार. उरले २०० युनिट. एसीचं पहिलं युनिट म्हणजे घराचं दोनशेएकावं. त्याला १३.२९ पडणार, आणि शंभर युनिटांनंतर १८.२४. सहा रुपये ब्याऐंशी पैशांचं युनिट एसीच्या वाट्याला येणारच नव्हतं.

आता वॅट. पाटीवरचे १४८० वॅट हे बाहेर ३५ आणि आत २७ अंश ठेवून, प्रयोगशाळेत पूर्ण क्षमतेने चालवून मोजलेले असतात. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर खोली थंड झाली की हळू फिरतो, तेव्हा तो याच्या निम्मेसुद्धा घेत नाही. उलट बाहेर ४५ अंश असताना पाटीच्या वर जातो. तेव्हा पाटीवरून रात्रीचा आकडा निघत नाही, मोजावाच लागतो. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. मीटर आधीच लावलेलं आहे, आपल्या पैशाने.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी किंवा पाटीवर `3200 imp/kWh` असं छापलेलं असतं. काही मीटरवर १६०० असतं, तेव्हा आधी वाचून घ्यायचं. याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. मग एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजायचं आणि १८.७५ ने गुणायचं, वॅट मिळतात. ८० वेळा म्हणजे १५०० वॅट.

मेच्या पहिल्या आठवड्यात एसी बसला त्याच रात्री मी हे केलं. मीटर खाली पार्किंगमध्ये जिन्याखालच्या पेटीत, बारा घरांचे बारा मीटर एका रांगेत, काचेवर धूळ. आधी आपलं मीटर ओळखायला हवं. बिलावरचा मीटर क्रमांक जुळवला, आणि खात्रीसाठी ताईला फोनवरून घरातला मेन स्विच पाडायला लावला. आपल्या मीटरचा दिवा थांबला, शेजारचे चालूच. मग मेन चालू, पण फ्रिजचं बटण बंद, पंखे बंद, फक्त एसी. एका हातात मोबाइलचा टाइमर, तोंडाने मोजणी, आणि वॉचमन शेजारी उभा राहून विचारतोय, "साहेब, मीटर बदलून राहिले काय?"

सव्वादहाला दिवा मिनिटात ८४ वेळा लुकलुकला, म्हणजे १५७५ वॅट. ते ठीक होतं, खोली तापलेलीच होती. बाराला ५८. दोनला परत उतरलो तर ४८, म्हणजे ९०० वॅट. हे मला खटकलं. बाहेर हवा ३० वर आली असताना, आत २५ ला लावलेला असताना, एवढ्याशा खोलीचा इन्व्हर्टर दोन वाजता ९०० वॅटवर अडकत नाही. तो खाली येत नाही याचा अर्थ खोली पुरती गार होत नाहीये, कुठून तरी उष्णता आत येते आहे.

वर जाऊन खिडकीपाशी हात नेला. कूलर बंद केला होता, पण काढला नव्हता. खिडकीबाहेरच्या स्टँडवर तो तसाच, आणि त्याचं तोंड खिडकीतून आत. त्यावर ताईने जुनी बेडशीट टाकली होती. बेडशीटच्या मागे कूलरच्या कोरड्या ताट्या, आणि त्यांच्या जाळीतून बाहेरची गरम हवा सरळ खोलीत. नागपुरात ज्या ज्या घरी कूलरच्या जोडीला एसी येतो तिथे ही गोष्ट आधी बघावी असं माझं मत झालं आहे. लोक गॅस कमी आहे म्हणून मेकॅनिक बोलावतात आणि भोक दीड फुटाचं खिडकीत असतं.

दुसऱ्या दिवशी दोन इंची थर्माकोलचा तुकडा कापून त्या तोंडात घट्ट बसवला, कडेने टेप. त्या रात्री दोन वाजता ३० वेळा, म्हणजे ५६० वॅट. बाराला ५०, पाचला २८. फरक ३४० वॅटांच्या आसपास, रात्रीचे शेवटचे सहा तास धरले तर दोन युनिट, महिन्याला साठ. ती साठ युनिटं १८.२४ च्या टप्प्यातली होती. म्हणजे त्या थर्माकोलची किंमत महिन्याला हजार-अकराशे रुपये.

मग रात्रीचा हिशोब असा बसला : पहिल्या तासाला दीड युनिट, दुसऱ्याला १.१, पुढच्या सहा तासांना प्रत्येकी ०.६. एकूण ६.२. पाटीवरून हे ११.८४ आलं असतं, दुकानदाराच्या स्टिकरवरून ४.८. पुढे तीन रात्री निजताना आणि उठल्यावर मीटरचं रीडिंग लिहून, फ्रिज-पंख्याचं वजा करून पडताळलं, सहाच्या आसपासच येत होतं. महिन्याला १८६ युनिट. २०० वर हे रचले की ३८६. त्यातली शंभर युनिटं १३.२९ ने, म्हणजे १३२९ रुपये, आणि ८६ युनिटं १८.२४ ने, म्हणजे १५६८. एकूण २८९७. कूलरची साठ युनिटं वाचली, त्यांचे जवळजवळ आठशे वजा केले तर खरी वाढ एकवीसशे. मी वहीत मोठ्या अक्षरात "एसीचे तीन हजार" लिहून दिलं आणि एप्रिलच्या कच्च्या पानावरचा तोच अंदाज बरोबर आला म्हणून थोडा फुशारलोही.

आणि महिन्याने ५५७ युनिटांचं बिल आलं.

भाऊजींचा पहिला संशय मीटरवर. "मीटर पळून राहिलं बाप्पा, तक्रार टाकू." तक्रारीआधी पाच मिनिटांची तपासणी घरीच होते. सगळं बंद करून फक्त दोन हजार वॅटचा गिझर लावायचा आणि दिवा मोजायचा. मीटर बरोबर असेल तर मिनिटाला १०६-१०७ यायला हवेत. आले १०३. गिझरचा वापर व्होल्टेजवर हलतो, थोडं व्होल्टेज कमी असलं की असा दोन-चारचा फरक पडतोच. मीटर पळत असतं तर आकडा वर गेला असता. मीटर सुटलं.

दुसरी शंका माझी : बिलाचे दिवस. रीडिंग पस्तीस-चाळीस दिवसांनी घेतलं तर युनिट फुगलेले दिसतात. बिलावर मागचं आणि चालू रीडिंग, दोन्ही तारखा असतात. अंतर ३० दिवसांचंच होतं. (तसं झालं असतं तरी टप्पेही दिवसांच्या प्रमाणात वाढवून मिळतात, ते मिळालेत का एवढंच बघायचं असतं.)

मग मी ताईला विचारलं, दुपारी एसी लावता का. ती गप्प झाली. आतून आजी म्हणाल्या, "लावतो ना. एक ते पाच. चारच तास." त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, मे महिन्यात शेवटच्या मजल्यावर म्हातारं माणूस दुपारी दुसरं काय करणार. पण मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. वहीत "रोज ८ तास" लिहिताना मी रात्रच डोळ्यांसमोर ठेवली होती.

भाऊजींचा हिशोब लगेच झाला : "आठ तासांचे १८६, तर चार तासांचे ९३. तरी ७८ युनिट जास्त आहेत." त्रैराशिक बरोबर, पण एसीला ते लागू नाही. त्याच दिवशी सव्वा वाजता मी पुन्हा पार्किंगमध्ये. बाहेर उभं राहवत नव्हतं. दिवा ९२ वेळा : १७२५ वॅट, पाटीपेक्षा अडीचशेने जास्त. अडीचला ७४, चारला ७०, आणि पाच वाजेपर्यंत तो ६८ च्या खाली आलाच नाही. रात्रीची ती ३० ची पायरी दुपारी येतच नाही.

कारण दोन बाजूंनी आहे. आतून, गच्चीचा स्लॅब आणि चार वाजता ऊन खाणारी पश्चिमेची भिंत खोलीत सतत उष्णता ओततात, म्हणून कॉम्प्रेसरला हळू होण्याची संधीच मिळत नाही. बाहेरून, एसीने खोलीतून काढलेली उष्णता बाहेरच्या युनिटमधून हवेत टाकायची असते, आणि ती हवाच ४४-४५ अंशांची, वर युनिट त्याच पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेलं. गरम हवेत उष्णता टाकायला गॅस जास्त दाबावा लागतो, त्याला जास्त वीज लागते, आणि तेवढ्या विजेत मिळणारा गारवाही कमी. रात्री एसी ढाळावरून उतरत असतो, दुपारी चढावर.

चार तासांचे झाले १.७, १.४, १.३ आणि १.३, म्हणजे ५.७ युनिट. रात्रीच्या आठ तासांचे ६.२. तीस दिवसांचे दुपारचे १७१. माझ्या वहीतून हरवलेले १७१, अगदी तेवढेच. इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोग आहे, दोन-चार युनिटं इकडेतिकडे झाली असती तरी मी समाधान मानलं असतं.

आणि आता दर. रात्रीच्या १८६ युनिटांनी घराला ३८६ वर नेऊन ठेवलं होतं. दुपारची युनिटं तिथून पुढे रचली गेली : ११४ युनिटं १८.२४ ने आणि पाचशेच्या वरची ५७ युनिटं २०.६६ ने. ही झाली ३२५६ रुपयांची. म्हणजे दुपारचे चार तास रात्रीच्या आठ तासांपेक्षा महाग पडले, २८९७ च्या समोर ३२५६. आधी दुपार मोजली आणि रात्र वर रचली तर रुपयांची वाटणी थोडी बदलेल, हे खरं. पण घरात "रात्रीचा तर लागतोच, दुपारचा लावायचा का" असा प्रश्न असेल तेव्हा दुपार वरच रचायला हवी, कारण बंद केली तर वाचणारी युनिटं वरचीच असतात.

एसीचा पूर्ण महिन्याचा खर्च ६१५३ रुपये. भाऊजींनी इथे मला पकडलं. त्यांनी पाटीच्या सूत्रात आठऐवजी बारा तास घातले होते : १४८० गुणिले १२ गुणिले ३०, म्हणजे ५३३ युनिट, गुणिले जुना सरासरी दर १०.८०, उत्तर ५७५६. "माझा साधा हिशोब तुझ्यापेक्षा जवळ गेला की." गेला होता. पण त्यात एसीची युनिटं ३५७ ऐवजी ५३३ धरली होती, दीडपट, आणि दर १७.२४ ऐवजी १०.८०. एक चूक वर ओढत होती, दुसरी खाली. उत्तर मधोमध आलं. याच सूत्राने नुसत्या रात्रीचा हिशोब मात्र २८९७ ऐवजी ३८०० च्या वर जात होता, आणि त्या आकड्यानेच ताई एसी नको म्हणत होती. जुळलेल्या उत्तरापेक्षा असं उत्तर मला जास्त भीतीचं वाटतं, कारण पुढच्या वेळी ते कुठल्या बाजूला घसरेल सांगता येत नाही.

पुढचा प्रश्न आजींच्या दुपारचा. इथे नागपूरच्या कोरड्या हवेचा फायदा आहे. कूलर पाणी उडवून गारवा करतो, आणि हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं. मेची दुपार कूलरसाठी सोन्यासारखी, नेमक्या त्याच वेळी एसी सगळ्यात जास्त वीज खातो. कूलरच्या चार तासांचे ०.८ युनिट, महिन्याला २४. दुपारी कूलर आणि रात्री एसी लावला तर २०० च्या वर २१० युनिट येतात, खर्च ३३३५ रुपये. दोन्ही वेळा एसी लावण्यापेक्षा अठ्ठावीसशेने कमी.

आजींना कूलरचा आवाज नको होता आणि त्यांचं एक म्हणणं बरोबर होतं, "अंग चिकचिक होतं." ते होतं, पण मेमध्ये नाही, पाऊस पडून गेल्यावर. मेमध्ये होत असेल तर खोलीत हवा कोंडली आहे. कूलरला बाहेर जायला वाट लागते, आणि एसी आल्यापासून त्यांनी दार-खिडकी सगळं बंद ठेवायची सवय लावून घेतली होती. हॉलच्या बाजूचं दार वीतभर उघडं ठेवलं, ताट्या बदलल्या, आणि ठरलं की दुपारी थर्माकोल काढायचा, रात्री परत बसवायचा. टेपने हे रोज जमत नाही, म्हणून भाऊजींनी तुकड्याच्या कडेला फोमची पट्टी चिकटवली आणि मधोमध भोक पाडून जुन्या परकराची नाडी ओवली, ओढायला.

जुलैच्या एका दुपारी मी तिकडे गेलो होतो. पाऊस पडून गेलेला, कूलरने खोली नुसती ओली होत होती, म्हणून आजींनी एसीच लावला होता, नाडीवाला तुकडा जागेवर. जाताना सवयीने पेटीपाशी थांबलो आणि मोजलं. फ्रिज-पंखे सगळं चालू असूनही ४९. फ्रिज आणि दोन पंख्यांचे अकरा काढले तर ३८, म्हणजे ७१२ वॅट. जूनमध्ये त्याच वेळी ७० होते. वर फोन करून सांगितलं, आता दुपारी खुशाल लावा.

आजी म्हणाल्या, "लावलाच आहे."